व्हेंटीत कॉफी किती?

मुलीकडे न्यू जर्सीला गेलेल्या मावशीने सप्टेंबरमध्ये स्टारबक्सच्या फलकाचा फोटो पाठवला. खाली ओळ होती, ‘अगं, फोनने भाषांतर केलं, तर एक कप उंच निघाला आणि एका कॉफीत लाल भोपळा निघाला. यातलं मी घेऊ काय?’ भाषांतर खरं तर बरोबरच होतं. पण असा फलक शब्दाला शब्द लावून कळत नाही. कोणत्या नावाखाली कपात काय पडतं, ते ठाऊक असावं लागतं.

आधी मापं पाहू. फलकावर टॉल, ग्रँडे आणि व्हेंटी अशी तीन नावं असतात. टॉल म्हणजे उंच, पण गरम कॉफीच्या ओळीतला हाच सर्वांत लहान कप. तो ३५५ मिलीचा, म्हणजे आपल्या घरच्या चहाचे दोन-अडीच कप सहज मावतील एवढा. ग्रँडे ४७३ मिलीचा आणि गरम व्हेंटी ५९१ मिलीचा. हॉवर्ड शुल्ट्झ १९८३ साली मिलानला गेले, तिथल्या कॉफी बारवर भाळले आणि इटालियन नावांचा सोस तिथूनच सिएटलला आला. सुरुवातीला शॉर्ट, टॉल आणि ग्रँडे अशीच मापं होती आणि त्यांत ग्रँडे खरोखरच मोठा होता. नव्वदच्या दशकात व्हेंटी आला. व्हेंटी म्हणजे इटालियनमध्ये वीस, कारण हा कप वीस औंसांचा. त्याला जागा देताना फलकावरून शॉर्ट गेला आणि ‘उंच’ कप सर्वांत धाकटा होऊन बसला. २३७ मिलीचा शॉर्ट फलकावर नसला, तरी गरम पेयासाठी मागितला तर मिळतो. मावशीच्या पोटाचा अंदाज असल्याने मी तिला तोच सुचवला.

खरी गंमत कपात काय असतं यात आहे. लाटेचा पाया म्हणजे एस्प्रेसो. बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी जोराच्या दाबाने पाठवून काढलेला हा दाट अर्क. त्याच्या एका मापाला शॉट म्हणतात आणि तो साधारण ३० मिली भरतो. शॉर्ट आणि टॉलमध्ये एक शॉट, ग्रँडेत दोन आणि गरम व्हेंटीतही दोनच. म्हणजे ग्रँडे लाटे सोडून व्हेंटी घेतली, की जास्तीचे पैसे मोजून जवळपास ११८ मिली दूध वाढतं. कॉफी तेवढीच राहते आणि साहजिकच जास्त फिकी लागते. टॉललाही शॉर्टएवढीच कॉफी असते, म्हणून कडक कॉफी आवडणाऱ्याला लहान कपच फायद्याचा. थंड व्हेंटीचा कप मात्र वेगळा, ७१० मिलीचा असतो. त्यात तीन शॉट पडतात, पण बरीच जागा बर्फ खातो.

मापाचा हा हिशेब फक्त एस्प्रेसोच्या पेयांना लागू होतो. फलकाच्या कोपऱ्यात ‘ब्रूड कॉफी’ नावाची एक साधी ओळ असते. ही गाळून काढलेली कोरी कॉफी, बहुधा सर्वांत स्वस्त. इथे कप मोठा तशी कॉफीही जास्त. एका शॉटमध्ये सुमारे ७५ मिलिग्रॅम कॅफीन धरलं, तर ग्रँडे लाटेत दीडशे होतं. त्याच मापाच्या ब्रूड कॉफीत ते तीनशेच्याही वर जातं. दिसायला ही पातळ असते, म्हणून संध्याकाळी निर्धास्तपणे प्यायली जाते आणि मग विमानप्रवासाने आधीच बिघडलेली झोप पार उडते. मावशीला मी तेवढं बजावलं.

दुधाच्या रांगेत आपल्या माणसाची फसगत ‘होल’ या शब्दाने होते. अख्खं दूध म्हणजे घरच्यासारखं साईचं, असं वाटतं. अमेरिकेत होल मिल्कमध्ये सव्वातीन टक्के स्निग्धांश असतो. आपल्या पिशवीवर फुल क्रीम लिहिलेल्या दुधात सहा टक्के असतो आणि टोन्डमध्ये तीन. तेव्हा तिथलं होल हे आपल्या टोन्डपेक्षा जेमतेम वरचं. शिवाय काही न सांगता लाटे मागितली, तर अमेरिकेतल्या स्टारबक्समध्ये सहसा त्याहूनही पातळ, दोन टक्क्यांचं दूध येतं. म्हशीच्या दुधाच्या कॉफीवर वाढलेल्याने निदान ‘होल’ एवढं तरी म्हणावं. ‘हाफ अँड हाफ’ म्हणजे निम्मं दूध आणि निम्मी साय. ते कोऱ्या कॉफीत घोटभर घालायचं असतं, त्याची अख्खी लाटे फार जड होते.

ओट, बदाम, सोया आणि नारळ ही झाली बिनजनावरांची दुधं. ज्यांना दुधातली साखर पचत नाही, त्यांची यांवर सोय होते. ओटच्या दुधाला वरून साखर न घालताही गोडी येते, कारण ते करताना विकरांनी ओटमधला पिष्टमय भाग फोडून त्याची साखर केलेली असते. मधुमेह असणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. (उपवासाला ओट चालत नाही हे वेगळं सांगायला नको; मावशीने विचारलंच होतं.) सोयाच्या कॉफीत कधीकधी पांढऱ्या कण्या तरंगताना दिसतात. दूध नासलेलं नसतं. कॉफीच्या आंबटपणाने आणि उष्णतेने सोयाची प्रथिनं गोळा झालेली असतात. स्टारबक्सने अमेरिकेत या दुधांचे जादा पैसे घेणं नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद केलं, पण इतर अनेक दुकानांत ते अजून लागतात. आणि फलकावरची किंमत अमेरिकेत बहुतेक राज्यांत कराशिवायची असते, त्यामुळे बिल थोडं जास्तच येतं.

आता भोपळा. पंपकिन स्पाइस लाटे २००३ साली आली आणि दर वर्षी पानगळीच्या तोंडावर फलकावर चढते. नाव भोपळ्याचं असलं, तरी चव दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंगेची, म्हणजे भोपळ्याच्या पाय या तिकडच्या सणासुदीच्या पदार्थातल्या मसाल्याची. खऱ्या भोपळ्याचा गर तर त्यात २०१५ पासून पडू लागला. मावशीला मसाल्याची धास्ती नव्हती, धास्ती हवी होती साखरेची. ग्रँडे कपात जवळपास ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे बारा चमचे. त्यातली निम्म्याहून कमी दुधातली स्वाभाविक साखर, बाकीची मसाल्याच्या पाकातून आणि वरच्या फेटलेल्या सायीतून येते. पाक पंपाने मोजून घालतात, ग्रँडेला चार पंप. म्हणून ‘टू पंप्स, नो व्हिप’ म्हटलं, की पाक निम्मा होतो आणि साय जाते. एक मात्र आहे, त्या पाकातच दूध असतं. ओट मिल्क मागून ही लाटे पूर्णपणे बिनदुधाची होत नाही.

मावशीने शेवटी ‘शॉर्ट, होल मिल्क, वन पंप, नो व्हिप’ असं कागदावर लिहून नेलं आणि काउंटरवर वाचून दाखवलं. अशी फर्माईश तिथे कुणाला विचित्र वाटत नाही, दिवसभर तेच चाललेलं असतं.

नाताळ जवळ आला, की अनेक कॅफेंचे फलक पुन्हा बदलतात. शाकाहाऱ्याने तेव्हा दोन नावांपाशी थांबावं. एगनॉग म्हणजे दूध, साय, साखर आणि अंडं घोटून केलेलं पेय, त्याची लाटेही करतात. आणि हॉट चॉकलेटवर तरंगणारे मऊ पांढरे मार्शमॅलो बहुधा जिलेटिनचे असतात, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेल्या पदार्थाचे. फलकावर ते लिहिलेलं नसतं, काउंटरवर विचारावं लागतं.