शेततळ्याचे आकारमान : अपधाव, पीक-मागणी व पाणी-हानी यांचा ताळेबंद

प्रस्तावना :
महाराष्ट्र शासनाच्या २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे ३० × ३० × ३ मीटर हे शेततळ्याचे माप सर्वपरिचित झाले. १:१ बाजूउतार धरल्यास वरचे क्षेत्र ९०० चौ.मी., मधले ७२९ चौ.मी. व तळाचे ५७६ चौ.मी. भरते आणि त्यावरून साठवण क्षमता २१९६ घनमीटर येते. तथापि हे माप एखाद्या शेताला योग्य आहे किंवा नाही, हे खोदाईच्या आकारावरून ठरत नाही. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील काळ्या जमिनीचे एक गृहीत उदाहरण घेऊन ही निश्चिती कशी करावी, याचे विवेचन केले आहे.

अपधावाचा अंदाज :
हंगामी पावसाच्या ठरावीक टक्के पाणी वाहून येते, असे मानण्याची पद्धत सोपी असली तरी ती फसवी आहे. अपधाव हा एकूण पावसापेक्षा एकेका सरीच्या जोरावर अधिक अवलंबून असतो. कर्व्ह नंबर पद्धतीत हा संबंध पुढीलप्रमाणे मांडला जातो :

Q = (P − 0.2S)² / (P + 0.8S),  S = 25400/CN − 254

येथे P हा दिवसाचा पाऊस, Q हा अपधाव व S ही जमिनीची कमाल धारणक्षमता असून तिन्ही मि.मी.मध्ये आहेत. CN ८० धरल्यास S ६३.५ येतो. म्हणजेच १२.७ मि.मी.पर्यंतच्या पावसातून अपधाव मिळतच नाही. ३० मि.मी. पावसातून ३.७, ५० मधून १३.८ व ७० मधून २७.२ मि.मी. अपधाव मिळतो. या तीन दिवसांचा १५० मि.मी. पाऊस ४४.७ मि.मी. पाणी देतो, तोच पाऊस दहा-दहा मि.मी.ने पंधरा दिवस पडला तर तळ्यात काहीही येत नाही. म्हणून किमान दहा-पंधरा वर्षांच्या दैनिक नोंदी तपासून, चारपैकी तीन वर्षांत मिळू शकेल एवढाच अपधाव हिशेबात धरावा.

समजा, अशा भरवशाच्या वर्षात ३०, ५०, ५० व ७० मि.मी.चे चार दिवस मिळतात. एकूण अपधाव ५८.५ मि.मी., म्हणजे हेक्टरी ५८५ घनमीटर होतो. ४ हेक्टर पाणलोटातून २३४० घनमीटर पाणी येईल व तळे भरेल. पाणलोट २ हेक्टरच असेल तर ११७० घनमीटरच मिळेल. अशा ठिकाणी मोठे तळे म्हणजे केवळ वाढीव खोदाई होय.

पिकाची मागणी :
२ हेक्टर तुरीला फुलोऱ्याच्या सुमारास, नोव्हेंबरअखेर, ५० मि.मी.चे एक संरक्षित पाणी द्यावयाचे आहे. निव्वळ गरज १००० घनमीटर आहे. तुषार सिंचनाची कार्यक्षमता ७५ टक्के धरल्यास तळ्यातून १३३३ घनमीटर पाणी उपसावे लागेल.

बाष्पीभवन व पाझर :
बाष्पीभवन पात्रातील घट दररोज ५ मि.मी. व गुणक ०.७ धरल्यास तळ्यातील बाष्पीभवन ३.५ मि.मी. होते. चिकणमातीच्या तळातून १० मि.मी. पाझर मानला, तर पातळी दररोज १३.५ मि.मी. उतरते. सप्टेंबरअखेर भरलेले तळे ६० दिवसांत ०.८१ मीटर खाली जाते. पृष्ठभाग वरच्या थरात सर्वांत रुंद असल्याने या उतारात सुमारे ६९० घनमीटर पाणी जाते. उरलेल्या १५०६ घनमीटरमधून गरज भागून १७३ घनमीटर शिल्लक राहते. ही शिल्लक तळाशी सुमारे ०.३ मीटर गाळ साचण्यास पुरेशी आहे. येथपर्यंत माप योग्य ठरते.

मर्यादा :
शेवटचा मोठा पाऊस ऑगस्टअखेरच पडला, तर हानीचा काळ ९० दिवसांचा होतो. मग सुमारे ११९० घनमीटर पाणी उरते व ते जेमतेम पावणेदोन हेक्टरांना पुरते. तसेच जूनमधील पहिला पाऊस भेगाळलेली काळी जमीन शोषून घेते. तो या अपधावात धरू नये.

सर्वांत मोठा धोका तळाच्या थराचा आहे. तीन मीटर खोदताना वरची काळी माती संपून मुरूम लागला व पाझर दररोज ४० मि.मी. झाला, तर ६० दिवसांनी सुमारे २३० घनमीटर पाणीच उरेल. तळे भरलेले पाहून हे कळत नाही. पाऊस व उपसा नसलेल्या दिवसांत खुणेच्या काठीवर पातळीची घट मोजावी आणि तीतून बाष्पीभवन वजा करावे. बाकी राहतो तो पाझर. प्लास्टिक अस्तर घातल्यास केवळ बाष्पीभवनाची हानी उरते व त्याच तळ्यातून सुमारे ३ हेक्टरांची सोय होते.

निष्कर्ष :
शेततळ्याचे आकारमान भरवशाचा अपधाव आणि हानीसह पीक-मागणी यांपैकी जे कमी असेल त्यावर ठरवावे. अपधाव कमी पडत असल्यास खोदाई न वाढवता सिंचित क्षेत्र घटवावे. पाझर अधिक असल्यास प्रथम अस्तराचा विचार करावा.