पडद्यावरची दोरी का लांबते?

द्विमितीय गेममध्ये लोंबणारी दोरी म्हणजे ठिपक्यांची एक ओळ आणि शेजारच्या दोन ठिपक्यांत किती अंतर असावे याचा एक नियम. झुलता पूल आणि माकडाची शेपटीही याच साहित्यातून होतात. गेमसाठी प्रोग्रॅम लिहिताना मला एका प्रश्नाने फार काळ गुंतवून ठेवले आहे: नियमात लवचिकपणाचा उल्लेखही नसताना ही दोरी रबरासारखी का ताणली जाते?

ठिपके हलवण्याची रीत लू व्हर्ले या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. 1967 साली त्यांनी द्रवातील 864 कणांची हालचाल संगणकावर मांडली. डेन्मार्कच्या थॉमस याकोबसेन यांनी ‘हिटमॅन: कोडनेम 47’ या 2000 सालच्या गेमसाठी ती वापरली आणि पुढच्या वर्षी गेम-विकासकांच्या परिषदेत समजावून सांगितली. या रीतीत ठिपक्याचा वेग वेगळा लिहून ठेवत नाहीत. आत्ताची जागा आणि मागची जागा यांतला फरक हाच वेग:

```
vx = (x - px) * 0.99
vy = (y - py) * 0.99
px, py = x, y
x += vx
y += vy + g*dt*dt
```

पडद्यावर `y` खालच्या दिशेने वाढतो, म्हणून गुरुत्व मिळवायचे. 0.99 ने गुणल्यामुळे झोका हळूहळू शमतो. ठिपके असे हलले की दुव्यांची पाळी येते. दुवा 10 पिक्सेलांचा असायला हवा आणि 12 झाला असेल, तर दोन्ही ठिपके एकेक पिक्सेल जवळ आणायचे. एक टोक खिळ्याला असेल, तर दुसऱ्यानेच दोन पिक्सेल सरकायचे. जागा बदलली की वेगही आपोआप बदलतो, त्यामुळे कडक स्प्रिंगने बांधलेले ठिपके कधीकधी उधळून पडद्याबाहेर जातात, तसे इथे सहसा होत नाही.

आता एक दोरी घेऊ. वर खिळा, खाली 20 ठिपके, 10 पिक्सेलांचे 20 दुवे. एकूण लांबी 200. गुरुत्व सेकंदाच्या वर्गाला 1800 पिक्सेल आणि सेकंदाला 60 चित्रे धरली, तर प्रत्येक चित्रात ठिपका गुरुत्वामुळे अर्धा पिक्सेल खाली ढकलला जातो. दुव्यांची दुरुस्ती वरून खाली, एकदाच करू.

दोरी स्थिर राहायची, तर प्रत्येक ठिपका दर चित्रात अर्धा पिक्सेल वर उचलला गेलाच पाहिजे. सर्वांत खालच्या ठिपक्याला उचलणारा दुवा एकच. तो उचलतो तेव्हा वरच्या ठिपक्याला तितकेच खाली ओढतो. मग त्याच्या वरच्या दुव्याला स्वतःचा अर्धा आणि हा ओढलेला अर्धा, असे दोन्ही भरून काढावे लागतात. ओझे असे दुव्यागणिक वर साचत जाते. दुरुस्ती संपते तेव्हा तळाचा दुवा अचूक असतो, त्याच्यावरचा अर्धा पिक्सेल लांब, आणि खिळ्याजवळचा साडेनऊ पिक्सेल लांब. बेरीज 95. म्हणजे 200 ची दोरी 295 ची होते!

दोरी अधिक गुळगुळीत दिसावी म्हणून तेवढ्याच लांबीत 40 ठिपके घातले, तर ही वाढ 390 पिक्सेल होते. ठिपके दुप्पट, ताण चौपट. संथ यंत्रावर चित्रे सेकंदाला 30 झाली आणि `dt` त्याप्रमाणे दुप्पट धरला, तर `dt*dt` मुळे ताण पुन्हा चौपट. म्हणून हिशोबाचा `dt` कायम ठेवतात आणि चित्रे मंदावली तर एका चित्रात दोन पावले टाकतात.

सरळ उपाय म्हणजे दुरुस्तीच्या फेऱ्या वाढवणे. दहा फेऱ्या केल्या तर 20 ठिपक्यांच्या दोरीची वाढ सुमारे एक दशांशावर येते. कामही दहापट होते. शेपटीला दोन-तीन फेऱ्या पुरतात, कारण थोडी लांबलेली शेपटी कुणाच्या डोळ्यांत येत नाही. पुलाचे तसे नाही. 200 पिक्सेलांच्या दरीवर तेवढ्याच लांबीचा पूल केवळ 2 पिक्सेल ताणला, तरी मध्यभागी सुमारे 12 पिक्सेल खाली झोळ पडतो.

दुसरा उपाय मला अधिक आवडतो. वरून पाचवा ठिपका खिळ्यापासून 50 पिक्सेलांहून दूर जाऊच शकत नाही. म्हणून प्रत्येक ठिपक्याचे खिळ्यापासूनचे अंतर तपासायचे आणि मर्यादा ओलांडली असेल तर ठिपका थेट मागे ओढायचा. ओझे दुव्यादुव्याने चढण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र दोरी एखाद्या कोपऱ्यावरून वळली की सरळ अंतर कमीच भरते आणि ही तपासणी ताण पाहू शकत नाही. तिथे फेऱ्यांना पर्याय नाही.

दोष कुठे आहे हे ओळखायला प्रत्येक दुव्याची लांबी पडद्यावर लिहून पाहावी. दोरी शांत लोंबत असताना आकडे खिळ्याकडे पायरीपायरीने वाढत असतील, तर फेऱ्या कमी पडताहेत. नियम प्रत्येक दुव्याला अचूक करतो, पण एका वेळी एकालाच. बाकीचे तोवर थोडे चुकतात, आणि त्या थोड्याथोड्याची बेरीज आपल्याला रबर म्हणून दिसते.