‘फी जास्त आहे’ आणि ‘फी जास्त घेतली’

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की अनेक शाळांतून पालकांच्या फोनवर एक संदेश येतो. वाढता खर्च, नव्या सुविधा, शिक्षकांचे वेतन अशी कारणे त्यात दिलेली असतात आणि शेवटी एक आकडा असतो. वर्ष अर्ध्यावर आलेले असते, त्यामुळे मूल दुसऱ्या शाळेत घालण्याची वेळ निघून गेलेली असते. पालक आपसात चडफडतात आणि पैसे भरतात. तक्रार केलीच तर ती बहुधा एकाच वाक्याची असते : ‘फी फार जास्त आहे.’

गेली काही वर्षे मी महाराष्ट्रातील शालेय फीसंबंधीचे कायदे, नियम आणि निवाडे वाचतो आहे. त्यातून माझे असे मत झाले आहे की पालकांची तक्रार बहुतेक वेळा या वाक्यापाशीच फसते. ‘फी जास्त आहे’ आणि ‘मंजूर फीपेक्षा जास्त घेतली’ या दोन तक्रारी बोलताना सारख्या वाटतात, पण कायद्यात त्यांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत. पहिल्या वाटेवर एकट्या पालकाला जवळजवळ काहीच करता येत नाही. दुसऱ्या वाटेवर एकट्या पालकाचे एक साधे पत्रही पुरेसे ठरू शकते.

हा फरक समजण्यासाठी कायद्याची रचना थोडक्यात पाहू. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम २०११ साली संमत झाला आणि डिसेंबर २०१४ पासून लागू झाला. शाळा राज्य मंडळाची आहे की दिल्लीच्या एखाद्या मंडळाची, याने फरक पडत नाही. राज्यातील खाजगी विनाअनुदानित शाळेला तो लागू आहे. या कायद्याने फी ठरवण्याचे काम सरकारकडे दिले नाही आणि केवळ संस्थाचालकांकडेही ठेवले नाही. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असावा आणि त्याची एक कार्यकारी समिती असावी, असे त्याने सांगितले. मुख्याध्यापक समितीचे अध्यक्ष असतात, उपाध्यक्ष पालकांतला असतो, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक सभासद असतो. पालक सभासद इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि समितीची यादी सूचनाफलकावर लावायची.

पुढच्या वर्षाची फी किती असावी याचा प्रस्ताव व्यवस्थापनाने हिशेबाच्या कागदांसह या समितीपुढे ठेवायचा असतो, आणि तोही नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी. समितीने तीस दिवसांत निर्णय घ्यायचा. मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील राहते आणि तिचा तपशील फलकावर लावावा लागतो. मंजूर फीपेक्षा अधिक घेण्यास कायद्याने मनाई केली आहे. वर्षाच्या मधोमध होणाऱ्या वाढीची अडचण इथेच आहे. नोव्हेंबरमध्ये केलेला ठराव त्याच चालू वर्षाला कसा लागू होणार?

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. आमच्या इमारतीतील एका तरुण आईचा मुलगा तेव्हा पाचवीत होता. जूनमध्ये शाळेने दिलेल्या पत्रकात वर्षाची फी ७२,००० रुपये होती. त्यात शिक्षण शुल्क महिना ४,५०० प्रमाणे ५४,००० रुपये, दोन सत्रांचे सत्र शुल्क ९,०००, आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा वगैरे मिळून ९,००० रुपये होते. नोव्हेंबरमध्ये संदेश आला. शिक्षण शुल्क महिना ६०० रुपयांनी वाढले होते आणि शिवाय ‘डिजिटल सुविधा’ म्हणून ६,००० रुपये एकरकमी भरायचे होते. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांचे ४,२०० आणि वरचे ६,००० मिळून १०,२०० रुपये झाले.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिने शाळेचे उत्तरही आणले होते. “काका, ऑफिसात म्हणाले की पंधरा टक्क्यांपर्यंत वाढ करायला शाळेला परवानगीच लागत नाही. आणि हिशेब केला तर आमची वाढ चौदा टक्केच आहे.”

हिशेब बरोबर होता, पण समजूत चुकीची होती. ही समजूत फार पसरलेली आहे आणि कित्येक शाळांचे कर्मचारीही ती मनापासून सांगतात. कायद्यात पंधरा टक्के हा आकडा आहे, मात्र तो वेगळ्या कामासाठी आहे. व्यवस्थापनाने मागितलेली फी आणि समितीने मान्य केलेली फी यांत पंधरा टक्क्यांहून अधिक फरक पडला, तर व्यवस्थापनाला विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागता येते. म्हणजे हा आकडा अपिलाचा उंबरठा आहे. समितीच्या मंजुरीशिवाय एक टक्काही वाढवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

“मग मी पैसे परत मागू का?” तिने विचारले.

मी म्हणालो, “आधी कागद माग. परताव्याचं नंतर बघू.”

यामागे कारण होते. पहिल्याच पत्रात पैसे परत मागितले की शाळा वाढ कशी गरजेची आहे ते सांगू लागते, आणि वाद ‘फी जास्त आहे’ या पहिल्या वाटेवर जातो. शाळेने फी रीतसर मंजूर करून घेतली असेल तर ती फार आहे म्हणून विभागीय समितीकडे जाण्यास, २०१८ च्या दुरुस्तीनंतर, किमान पंचवीस टक्के पालक एकत्र यावे लागतात. बाराशे विद्यार्थ्यांच्या शाळेत हा आकडा तीनशेच्या आसपास जातो. तेवढ्या सह्या गोळा होईपर्यंत वर्ष संपते. म्हणून प्रथम आपण कोणत्या वाटेवर आहोत हे पाहावे लागते, आणि ते कागदाशिवाय कळत नाही.

तिने मुख्याध्यापिकांना लिहिलेले पत्र असे होते :

‘माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता पाचवीत शिकतो. चालू वर्षाची फी ७२,००० रुपये असल्याचे जूनच्या पत्रकात कळवले होते व त्याप्रमाणे मी हप्ते भरत आहे. नोव्हेंबरमध्ये आणखी १०,२०० रुपये मागितले आहेत. या रकमेला कार्यकारी समितीने मंजुरी दिलेल्या ठरावाची प्रत, त्या सभेची तारीख, आणि या दोन वर्षांसाठी मंजूर झालेल्या फीचा बाबवार तक्ता कृपया द्यावा. मूळ मंजूर फी मी वेळेवर भरत राहीन. वाढीव रक्कम भरावी लागल्यास ती हरकत राखून भरली आहे असे समजावे.’

पत्राच्या दोन प्रती काढून एकीवर तिने शाळेच्या आवक शिक्क्यासह पोच घेतली. ही पोच फोनवरच्या पन्नास संदेशांपेक्षा मोलाची असते. पत्रातील शेवटची दोन वाक्येही महत्त्वाची आहेत. वादापोटी सगळीच फी थांबवली तर पालक थकबाकीदार ठरतो आणि शाळेच्या हाती आयते कारण मिळते. शिवाय काही न बोलता वाढीव रक्कम भरली, तर पुढे ‘तुम्ही मान्य करूनच भरली’ असे ऐकावे लागते.

खरी भीती मुलाची असते. त्याला वर्गाबाहेर बसवतील, निकाल अडवतील, दाखला देणार नाहीत, असे पालकांना वाटते आणि ती भीती निराधार नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा इथे थोडा आधार आहे. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि त्याला मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. नववी-दहावीच्या मुलांना हे संरक्षण नाही, म्हणून त्यांच्या पालकांनी मूळ फी वेळेवर भरण्याची अधिक काळजी घ्यावी.

तीन आठवड्यांनी उत्तर आले : ‘पालक-शिक्षक संघाच्या सभेत सर्वांच्या संमतीने वाढ ठरली.’ सोबत सभेच्या उपस्थितीचा कागद होता. इथे दुसरी गल्लत समोर आली. संघाच्या सर्वसाधारण सभेत टाळ्या वाजल्या म्हणून फी मंजूर होत नाही. ठराव कार्यकारी समितीचा लागतो. आणि जोडलेल्या कागदावर तारीख होती ऑक्टोबरची, म्हणजे वर्ष सुरू झाल्यावर चार महिन्यांनी.

दुसऱ्या पत्रात तिने एवढेच दाखवून दिले आणि आता १०,२०० रुपये परत मागितले. या पत्राची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना आणि विभागीय शिक्षण उपसंचालकांना पाठवली. (मुंबईत शिक्षण निरीक्षकांचे कार्यालय असते.) खाजगी शाळेकडे माहिती अधिकाराचा अर्ज थेट करण्यात सहसा अर्थ नसतो, पण शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे करता येतो. दहा रुपयांचे शुल्क भरून ‘या शाळेच्या मंजूर फीचा आपल्याकडील तपशील’ मागितला की तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला बंधनकारक असते. तिने तोही अर्ज केला. कार्यालयाच्या नोंदीत ७२,०००च होते.

कार्यालयाने शाळेकडे खुलासा मागितल्यावर फेब्रुवारीत शाळेने माघार घेतली. वाढीव शिक्षण शुल्क शेवटच्या हप्त्यात वळते केले आणि डिजिटल सुविधेचे सहा हजार पुढच्या वर्षी वळते करू असे कळवले. तिच्यापुरता प्रश्न मिटला. पण त्याच वर्गातील एक कुटुंब मे महिन्यात बदलीमुळे गाव सोडणार होते. ‘पुढच्या वर्षी वळते’ या शब्दांचा त्यांना काही उपयोग नव्हता. त्यांना वेगळे पत्र देऊन रक्कम बँकेत मागावी लागली, आणि ती मिळायला आणखी दोन महिने गेले. म्हणून परतावा मागताना तो कोणत्या रूपात व कोणत्या तारखेपर्यंत हवा, हे आधीच लिहावे.

परतावा म्हणजे शाळेने दाखवलेली कृपा, असे आपल्याकडे अजून मानले जाते. न्यायालयांनी तसे मानलेले नाही. दिल्लीत सहाव्या वेतन आयोगाचे कारण देऊन फेब्रुवारी २००९ मध्ये शाळांना मागील सप्टेंबरपासून फी वाढवण्याची परवानगी मिळाली होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०११ साली न्यायालयाने न्यायमूर्ती अनिल देव सिंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून एकेका शाळेचे हिशेब तपासायला लावले. वाढीची गरज नसताना ती घेणाऱ्या शाळांनी जादा रक्कम नऊ टक्के व्याजासह परत करावी, अशा शिफारशी त्या समितीने केल्या. तेथेही ‘फी फार आहे का’ याचे एकच सरसकट उत्तर दिले गेले नाही. प्रत्येक शाळेची वही उघडून पाहिली गेली.

आमच्या शेजारणीचा मुलगा आता सातवीत आहे. गेल्या जूनमध्ये कार्यकारी समितीच्या चिठ्ठ्यांत तिने आपले नाव टाकले आणि ते निघाले. पुढचा प्रस्ताव डिसेंबरच्या आत समितीपुढे यायला हवा. तो आला तर कागद मागण्यासाठी तिला आता पत्र लिहावे लागणार नाही. ते तिच्यासमोर टेबलावर असतील.