कंटेनर लांबला, मेल कसा जावा?

नाशिककडच्या द्राक्षहंगामात पॅकहाऊसमधून ऑफिसला असा निरोप सहज येतो: ‘साहेब, लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट आला नाही, तोडणी थांबलीय. माल दोन दिवस लेट निघेल. लंडनच्या पार्टीला सांगा, टेन्शन घेऊ नका म्हणावं, माल एक नंबर आहे. अन् मागच्या बिलाचं तेवढं बघा म्हणावं.’

निरोप आपुलकीचाच आहे, पण शब्दाला शब्द ठेवून त्याचं इंग्रजी केलं, तर ग्राहकाला हवं ते कळत नाही. त्याला हवी असते जहाजाची तारीख.

म्हणून पहिला फोन पॅकहाऊसला. युरोपकडे जाणारी जहाजं बहुधा आठवड्यातून एकदा सुटतात आणि कंटेनर ठरलेल्या वेळेआधी न्हावा शेवा बंदरात पोचावा लागतो. ती वेळ हुकली, तर दोन दिवसांचा उशीर थेट आठवड्यावर जातो. समजा, 10 मार्चचं जहाज चुकतंय आणि पुढचं 17 मार्चला आहे. मग मेलमध्ये ‘दोन दिवस’ लिहिणं ही ग्राहकाची दिशाभूलच.

आता सौजन्य. मराठीत ते ‘साहेब’, ‘जरा’, ‘म्हणावं’ अशा शब्दांत असतं. इंग्रजी मेलमध्ये ते दिसतं उघड दिलगिरीत, खऱ्या कारणात आणि ग्राहकाला दिलेल्या निवडीत. ‘इन्कन्व्हीनियन्स रिग्रेटेड’ ही पाटीवरची भाषा झाली. तिच्यात माफी मागणारा माणूसच नाही. ‘काइंडली डू द नीडफुल’ वाचून नेमकं काय करायचं, हे ग्राहकाला उमगत नाही.

त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘आय अ‍ॅम सॉरी टू टेल यू दॅट युअर कंटेनर विल मिस द 10 मार्च सेलिंग. वुई कॅनॉट हार्वेस्ट अंटिल द रेसिड्यू रिपोर्ट अराइव्ह्ज. वुई नाऊ एक्स्पेक्ट टू शिप ऑन 17 मार्च. कुड यू प्लीज लेट अस नो इफ धिस डेट वर्क्स फॉर यू?’

यात ‘एक्स्पेक्ट’ मुद्दाम आहे. रिपोर्ट हातात नसताना ‘विल शिप’ लिहिलं, तर तो शब्द अंगाशी येतो. ‘टेन्शन घेऊ नका’ या दिलाशाच्या जागी रिपोर्ट येताच त्याची प्रत पाठवण्याचं आश्वासन द्यावं. ‘एक नंबर’ माल म्हणजे काय, तेही मोजमापात सांगावं: मण्यांचा आकार, साखरेचं प्रमाण. ही मापं पॅकहाऊसनं घेतलेली असतील तरच. नाहीतर ते वाक्य गाळावं.

राहिलं बिल. दिलगिरीच्या मेलमध्येच पैसे मागितले, तर दिलगिरी वरवरची वाटते. ती आठवण नवी तारीख ग्राहकानं मान्य केल्यावर, वेगळ्या मेलनं, बिलाचा नंबर आणि मुदतीची तारीख देऊन करावी.