नकाशातली दुसरी बेडरूम

टू बीएचकेचा नकाशा पारखताना दुसऱ्या बेडरूमपासून सुरुवात करावी, कारण जागेची खरी ओढाताण तिथेच होते. नकाशात छापलेल्या पलंगावर विसंबू नये. तो अनेकदा खऱ्यापेक्षा लहान काढलेला असतो. खरी मापे घेऊन त्याच प्रमाणात कागदाचे तुकडे कापावेत आणि नकाशावर सरकवून पाहावेत.

समजा, खोली आतून १० बाय १० फूट आहे. पलंग ५ बाय साडेसहा फूट, कपाट २ फूट खोल. कपाट पायथ्याच्या भिंतीला लावले, तर मध्ये जेमतेम दीड फूट उरतो. कपाटाचे दारही दीड फुटाचे असेल, तर ते उघडून उभे राहायला जागाच नाही. पलंग एका बाजूच्या भिंतीला टेकवून कपाट समोरच्या बाजूला नेले, की मध्ये ३ फूट मिळतात. चालायला तेवढे पुरतात. मात्र आत झोपणाऱ्याला दुसऱ्याला ओलांडून उठावे लागते.

आता खोलीचे दार. अडीच फुटी दार पायथ्याच्या भिंतीत, कपाटाकडच्या कोपऱ्यात असून त्याच्या बिजागऱ्या कोपऱ्याला असतील, तर ते उघडून कपाटाच्या भिंतीला टेकते. म्हणून त्या भिंतीचे पहिले अडीच फूट मोकळे ठेवावे लागतात. उरलेल्या साडेसात फुटांत ६ फुटी कपाट बसते, ८ फुटी बसत नाही.