गुन्हा एका हद्दीत, फिर्याद दुसऱ्या

पुण्याहून कोल्हापूरला निघालेले एक कुटुंब रात्री उंब्रजच्या अलीकडे महामार्गालगत गाडी थांबवते. मोटारसायकलवरून आलेले तिघे चाकूचा धाक दाखवून गळ्यातले दागिने आणि मोबाइल हिसकावतात. झटापटीत घरातल्या कर्त्या माणसाच्या हातावर वार होतो. घाबरलेले लोक तिथे थांबत नाहीत. गाडी थेट कोल्हापूरला आणतात, जखमीला रुग्णालयात दाखल करतात आणि पहाटे जवळच्या पोलीस ठाण्यात जातात. प्रसंग कल्पित आहे, पण तिथे मिळण्याची शक्यता असलेले उत्तर अनेकांनी ऐकलेले असते : "घटना सातारा जिल्ह्यात घडलीय, उंब्रजला जा."

हे उत्तर कायद्याला धरून नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्यात देता येते. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तपास करू शकतात असा गुन्हा. दरोडा, जबरी चोरी, खून, बलात्कार, अपहरण हे सगळे त्यात येतात. शिवीगाळ किंवा किरकोळ मारहाण यांसारख्या अदखलपात्र तक्रारींना, पोलीस ज्याला एनसी म्हणतात त्यांना, ही सोय नाही. जमिनीच्या हद्दीचा वाद किंवा उसनवारीचा साधा व्यवहारही यात बसत नाही.

हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची फिर्याद अशी नोंदवली की तिला त्या ठाण्याच्या गुन्हा रजिस्टरातला चालू क्रमांक मिळत नाही. क्रमांकाच्या जागी शून्य पडते. पोलिसांच्या बोलीत 'गुन्हा झिरोने दाखल केला', तर वर्तमानपत्रांच्या भाषेत 'शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून वर्ग केला'. कलम १७३ मध्ये 'झिरो एफआयआर' असा शब्दप्रयोग मात्र नाही. ही पद्धत कायद्यात येण्याच्या आधीपासून चालत आली आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने तिचा आग्रह धरला आणि मे २०१३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना तशा सूचना पाठवल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचे सांगितले.

आता कोल्हापूरच्या त्या पहाटेकडे वळू. ठाणे अंमलदार फिर्यादीचा जबाब लिहून घेतो, वाचून दाखवतो आणि सही घेतो. मग प्रथम खबर अहवालाचा छापील नमुना भरला जातो. घटनास्थळाच्या रकान्यात, जागा या ठाण्याच्या हद्दीबाहेर असल्यास संबंधित पोलीस ठाणे आणि जिल्हा लिहिण्याची तरतूद त्या नमुन्यातच आहे. 'केलेली कारवाई' या रकान्यात हद्दीच्या कारणावरून अमुक ठाण्याकडे वर्ग, असा पर्यायही छापलेला असतो. म्हणजे हद्दीबाहेरची फिर्याद घेणे हा कोणा अधिकाऱ्याचा मोठेपणा ठरत नाही, कारण रोजच्या कागदातच तिच्यासाठी जागा करून ठेवली आहे. अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी लागते.

इथे एक गफलत नेहमी होते. कधी कधी जबाबाऐवजी साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला जातो, त्यावर आवक शिक्का मारून एक प्रत हातात दिली जाते आणि माणूस तक्रार नोंदवल्याच्या समाधानात घरी जातो. शिक्क्याचा अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे. हातातल्या कागदावर 'प्रथम खबर अहवाल' असे शीर्षक, भारतीय न्याय संहितेची कलमे, नोंदीची तारीख व वेळ आणि कोणत्या ठाण्याकडे वर्ग केले ते असले पाहिजे. यातले काही नसेल, तर उंब्रजला जाणार तो केवळ अर्ज, आणि अर्ज चौकशीत महिनोन्‌महिने पडून राहू शकतो.

तारीख आणि वेळ यांना इतके महत्त्व का, हे खटला उभा राहिल्यावर कळते. बचावाचा वकील हमखास विचारतो, फिर्याद द्यायला उशीर का झाला? मधल्या वेळात गोष्ट रचली नाही कशावरून? शून्य क्रमांकाची फिर्याद पहाटे पाच वाजता नोंदली गेली, तर घटनेनंतर काही तासांत काय सांगितले गेले ते कागदावर पक्के होते. पुढे उंब्रजच्या ठाण्यात त्याच फिर्यादीला नियमित क्रमांक मिळतो, पण पहिली खबर कोल्हापूरचीच राहते. तपासी अधिकारी नंतर पुरवणी जबाब घेऊ शकतो. 'आधीचे राहू द्या, नव्याने फिर्याद द्या' असे कोणी म्हणाले, तर मात्र सावध व्हावे. दोन फिर्यादींतला छोटा फरकही उलटतपासणीत मोठा होतो.

काही कामे वर्ग होईपर्यंत थांबू शकत नाहीत. जखमेचा वैद्यकीय दाखला, रक्ताचे डाग पडलेले कपडे जप्त करणे, चोरीस गेलेल्या मोबाइलचा माग, महामार्गावरच्या टोलनाक्यावरील कॅमेऱ्यांचे चित्रण मिळवण्यासाठी पलीकडच्या ठाण्याला तातडीने कळवणे, हे सगळे पहिल्या ठाण्यालाच सुरू करता येते. बलात्काराच्या फिर्यादीत तर खबर मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पीडितेला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवण्याचे बंधन आहे. हद्दीची चर्चा चालली म्हणून ते घड्याळ थांबत नाही. हद्द नसताना सुरुवातीचे काम केले म्हणून ते बेकायदा ठरेल, ही भीतीही अनाठायी आहे. पोलीस अधिकाऱ्याला त्या हद्दीत तपासाचा अधिकार नव्हता, एवढ्याच कारणावरून त्याच्या कारवाईला आव्हान देता येणार नाही, असे संहितेच्या कलम १७५ मध्येच म्हटले आहे.

यानंतर कागद निघतात. मूळ फिर्याद, वैद्यकीय कागद, जप्तीचा पंचनामा आणि मुद्देमाल पत्रासोबत दुसऱ्या ठाण्याकडे जातो. त्या पत्राला जावक क्रमांक पडतो. उंब्रजला ते मिळाले की तिथे नवा गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गु.र.नं., पडतो, तपासी अधिकारी नेमला जातो, अहवालाची प्रत तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि घटनास्थळाचा पंचनामा होतो. गुन्ह्याचा पूर्ण तपास इथून सुरू होतो.

याच सांध्यावर गाडी अडते. संहितेने अनेक गोष्टींना मुदत घातली आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खबर दिली तर ३ दिवसांत सही करावी लागते. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी लागते. पण शून्य क्रमांकाचा गुन्हा किती तासांत वा दिवसांत योग्य ठाण्याकडे पोहोचला पाहिजे, हे कलम १७३ सांगत नाही. त्यामुळे काय होऊ शकते, ते दोन गाजलेल्या प्रकरणांतून स्पष्ट दिसते.

ऑगस्ट २०१३ मध्ये एका अल्पवयीन मुलीच्या कुटुंबाने आसाराम याच्याविरुद्ध दिल्लीच्या कमला मार्केट पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. घटना जोधपूरजवळच्या आश्रमात घडलेली होती. दिल्ली पोलिसांनी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवला, मुलीची वैद्यकीय तपासणी दिल्लीतच झाली आणि प्रकरण जोधपूर पोलिसांकडे गेले. महिना संपता संपता आसारामला अटक झाली. एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली.

दुसरे प्रकरण मणिपूरचे. ४ मे २०२३ रोजी जमावाने महिलांची विवस्त्र धिंड काढली. १८ मे रोजी कांगपोकपी जिल्ह्यातल्या सैकुल ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदला गेला. घटनास्थळ थौबल जिल्ह्यातल्या नोंगपोक सेकमाई ठाण्याच्या हद्दीत होते. तिथे हे प्रकरण पोहोचायला २१ जून उजाडला. १९ जुलैला चित्रफीत देशभर पसरली आणि त्यानंतर पहिली अटक झाली. १ ऑगस्टच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने या विलंबाबद्दल राज्याला धारेवर धरले. तपास पुढे सीबीआयकडे गेला. सैकुलच्या फिर्यादीत खून आणि बलात्कारासारखे गंभीर गुन्हे होते, तरी मधला महिना कागदाच्या प्रवासात गेला.

काही गुन्ह्यांना मुळात शून्य क्रमांकाची गरजच नसते, तरी लोकांना उगाच इकडून तिकडे पाठवले जाते. सासरच्या छळाला कंटाळून माहेरी आलेल्या बाईला 'सासर ज्या गावात, तिथे जा' असे सांगितले जाते. २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की सासरी झालेल्या छळाचे मानसिक परिणाम ती माहेरीही भोगत असते, म्हणून माहेरच्या ठिकाणच्या न्यायालयालाही अधिकार आहे. अशा वेळी माहेरच्या ठाण्याने नियमित क्रमांकानेच गुन्हा नोंदवून स्वतः तपास करावा. शून्य क्रमांक टाकून फाइल सासरच्या गावी पाठवली, तर तिने टाळलेला हेलपाटाच तिच्या वाट्याला परत येतो. म्हणून फिर्याद देताना घडलेल्या प्रत्येक गोष्टीचे ठिकाण सांगावे. माहेरी आल्यानंतर फोनवरून धमक्या आल्या असतील, तर तेही जबाबात यायला हवे.

पोलिसांनी खबर नोंदवण्यास नकार दिला, तर तिचा सारांश लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. त्यानेही काम झाले नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बलात्कार, ॲसिड हल्ला यांसारख्या ठरावीक गुन्ह्यांची खबर न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली ६ महिने ते २ वर्षे सक्तमजुरी होऊ शकते.

नोंद झाल्यावर मात्र पाठपुरावा दोन्हीकडे करावा लागतो. कोल्हापूरच्या कुटुंबाने ठाण्यातून निघताना अहवालाच्या प्रतीसोबत पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख विचारून घ्यावी. दोन-तीन दिवसांनी उंब्रजला फोन करून पत्र मिळाले का आणि गु.र.नं. पडला का, हे विचारावे. पडला नसेल, तर प्रत जोडून सातारच्या अधीक्षकांना लिहावे. कोल्हापूरच्या ठाण्यात पुन्हा खेटे घालून उपयोग नाही, कारण कागद तिथून निघालेला असतो. उंब्रजचा क्रमांक आणि तपासी अधिकाऱ्याचे नाव हाती आले, की दागिन्यांचे वर्णन, बिले आणि मोबाइलचा आयएमईआय क्रमांक त्याच अधिकाऱ्याकडे द्यावा.