दाखल्यात न सापडणारे फ्लूचे बळी

अमेरिकेत २००१ साली मृत्यूच्या दाखल्यांवर मूळ कारण म्हणून फ्लूची नोंद होती अवघ्या २५७ जणांच्या बाबतीत. त्याच काळात सीडीसी ही तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था फ्लूचे वर्षाला सरासरी ३६,००० बळी जातात असं सांगत होती. डिसेंबर २००५मध्ये पीटर दोशी यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या तफावतीवर बोट ठेवलं आणि हे विज्ञान आहे की प्रचार, असा सवाल केला. सवाल रास्त होता. मात्र त्याचं उत्तर हवं असेल, तर आधी दाखला कसा भरला जातो ते पाहावं लागतं.

हृदयविकार असलेल्या एका पंचाहत्तरीच्या बाईंना फ्लू झाला असं धरू. चार-पाच दिवसांत ताप उतरतो, पण विषाणूने श्वसनमार्गाच्या अस्तराची नासधूस केलेली असते. तिथे न्यूमोकोकससारखे जिवाणू शिरतात आणि दुसऱ्या आठवड्यात न्यूमोनिया होतो. त्यांना रुग्णालयात आणेपर्यंत घशातला विषाणू बऱ्याचदा नाहीसा झालेला असतो. अशा वेळी चाचणी केली तरी ती निगेटिव्ह येते, आणि त्या काळी तर ती सहसा केलीच जात नसे. डॉक्टर ‘न्यूमोनिया’ लिहितात, आणि त्यात खोटं काहीच नसतं. कधी बाई न्यूमोनियापर्यंत पोहोचतच नाहीत, हृदयविकाराच्या झटक्याने जातात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत अशा झटक्याचं प्रमाण सहापट आढळलं. त्या दाखल्यावर फ्लू कुठून येणार?

म्हणून संशोधक एकेका दाखल्यात फ्लू शोधत बसत नाहीत, सगळे मृत्यू एकत्र मांडतात. ही रीत अमेरिकेत रॉबर्ट सर्फलिंग यांनी १९६३मध्ये पक्की केली. अनेक वर्षांचे आठवडावार मृत्यू घ्यायचे आणि साथीचे आठवडे त्यातून वगळायचे. उरलेल्या आकड्यांतून वर्षभरात एकदा चढणारी-उतरणारी रेषा काढायची. हिवाळ्यात मृत्यू एरवीही वाढतात, ते या रेषेत आलेच. लोकसंख्या वाढते आहे, म्हातारी होते आहे, हा हळू बदलही तिच्यात धरायचा. साथ नसती तर अमुक आठवड्यात इतके लोक गेले असते, असं ही रेषा सांगते. साथीच्या आठवड्यांत प्रत्यक्ष मृत्यू तिच्या वर जितके जातील, ते अतिरिक्त मृत्यू.

यात एक खोट आहे. फ्लूच्याच दिवसांत आरएसव्ही नावाचा दुसरा विषाणूही फिरत असतो आणि म्हाताऱ्यांना तोही मारतो. रेषेवरचं सगळं फ्लूच्या नावावर टाकलं, तर त्याचे बळीही फ्लूच्या खात्यात जातात. विल्यम थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये यावर तोड काढली. प्रयोगशाळांत आलेल्या नमुन्यांपैकी कोणत्या आठवड्यात किती टक्क्यांत कोणता विषाणू सापडला, हे त्यांनी गणितात घातलं. मग फ्लूचे टक्के शून्य धरून मृत्यू पुन्हा काढले. दोन उत्तरांतला फरक म्हणजे फ्लूचे बळी.

त्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की उत्तर एक आलं नाही. फक्त न्यूमोनिया आणि फ्लूचे दाखले धरले तर वर्षाला सरासरी सुमारे ८,१००, श्वसनाचे आणि हृदय-रक्ताभिसरणाचे सगळे आजार धरले तर ३६,०००, आणि कोणत्याही कारणाचे मृत्यू धरले तर ५१,०००. जाळं मोठं करावं तसे दडलेले बळी जास्त सापडतात, पण थंडीचा कडाका किंवा आणखी काही कारणांनी गेलेले लोकही त्यात सापडण्याची शक्यता वाढते. दोशींच्या टीकेतला खरा मुद्दा इथे आहे. ३६,००० हा अंदाज आहे, आणि तो सांगताना मोजणीच्या थाटात सांगता कामा नये. सरासरीचंही तसंच. १९७६ ते २००७ या काळात एका मोसमाचा अंदाज सुमारे ३,३०० इतका खाली गेला, तर दुसऱ्याचा ४८,६०० इतका वर. एच३एन२ हा प्रकार जोरात असलेले मोसम जास्त घातक ठरले. तरीही २५७ हा आकडा खऱ्याच्या जवळ आहे असं म्हणायला जागा नाही. तो फक्त दाखल्यांवर काय लिहिलं गेलं ते सांगतो.

आपल्याकडे १९१८च्या साथीत हाच प्रश्न याहून बिकट होता. त्या वेळच्या मृत्यूनोंदींच्या रकान्यांत पटकी, देवी, प्लेग होते. इन्फ्लुएंझाचे बळी मुख्यतः ‘ताप’ आणि ‘श्वसनाचे विकार’ या सदरांत गेले. त्यामुळे किती माणसं दगावली हे नेहमीच्या वर्षांशी तुलना करूनच काढावं लागलं. अंदाज सुमारे १ कोटी ४० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत पसरले आहेत, कारण कित्येक मृत्यू नोंदवलेच गेले नव्हते.

ही नेहमीची रेषा वेळेवर झालेल्या नोंदींतूनच काढता येते. आजही भारतात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी साधारण पाव मृत्यूंनाच कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र असतं, त्यामुळे एकूण नोंदीवर भिस्त अधिक. घरात मृत्यू झाला तर कायद्याने दिलेल्या २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करा, आणि डॉक्टरांकडून कारणाचं प्रमाणपत्रही मागून घ्या.